पी/ई ८ आणि पी/ई १२ : एकाच धंद्यातल्या दोन कंपन्या तुलनेला घेताना

प्रश्न : माझ्या यादीत दोन फाउंड्री कंपन्या आहेत. दोघीही ट्रॅक्टर आणि ट्रकची कास्टिंग्ज करतात, विक्रीही साधारण सारखी. एकीचा पी/ई ८ आहे, दुसरीचा १२. मी ८वाली स्वस्त समजून घेणार होतो, पण ईव्ही/एबिटडा पाहिला तर दोघींचा ६ येतो. मग नेमका कुठला आकडा खरा धरायचा?

उत्तर :

दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, कारण ते वेगवेगळ्या गोष्टींची किंमत सांगतात. पी/ई सांगतो की भागधारकाच्या वाट्याला उरलेल्या नफ्यासाठी बाजार किती पट मोजतोय. ईव्ही/एबिटडा सांगतो की अख्ख्या धंद्यासाठी, म्हणजे भट्ट्या, मोल्डिंग लाइन, ऑर्डरी, माणसं या सगळ्यासाठी, किती पट मोजतोय. मग त्यात पैसा भागधारकाचा असो की बँकेचा. दोन कंपन्यांचा धंदा सारखा आणि पैसा उभा करण्याची पद्धत वेगळी असली की हे दोन आकडे फाटतात. तुमच्या बाबतीत बहुधा तेच झालंय. 'बहुधा' म्हणतो, कारण दोघींचे ताळेबंद माझ्यासमोर नाहीत. मी गोल आकडे घेऊन मांडतो, तुम्ही तुमचे आकडे त्यात बसवून पाहा.

समजा दोघींची विक्री १००० कोटी. दोघींचा एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा धंद्यातला नफा, १५० कोटी. घसारा दोघींचा ४० कोटी. म्हणजे घसारा वजा केल्यावर, व्याज-कराआधीचा नफा दोघींचा ११० कोटी. इथपर्यंत त्या जुळ्या बहिणी आहेत.

पहिलीवर, तिला अ म्हणू, ६०० कोटींचं कर्ज आहे, १० टक्के व्याजाचं. ६० कोटी व्याज गेलं, ५० उरले, २५ टक्क्यांच्या आसपास कर गेला, हातात ३७.५ कोटी. बाजारमूल्य ३०० कोटी असेल तर पी/ई ८. दुसरीवर, ब वर, कर्ज नाही. उलट ३०० कोटी बँकेत ठेवी आहेत, ७ टक्क्यांनी वर्षाला २१ कोटी व्याज येतं. करपूर्व नफा १३१, करोत्तर ९८ कोटी आणि थोडं वर. बाजारमूल्य १२०० कोटी असेल तर पी/ई १२. आता ईव्ही, म्हणजे अख्ख्या धंद्याची किंमत, काढा. अ चा ३०० अधिक कर्ज ६००, म्हणजे ९००. ब चा १२०० वजा रोकड ३००, म्हणजे ९००. दोघींचा ईव्ही/एबिटडा ६. बाजाराने दोन्ही फाउंड्र्यांना एकच भाव दिलाय. पी/ईमधला फरक फाउंड्रीचा नाहीच, तो कर्जाचा आणि ठेवीचा आहे.

इथे बहुतेक लोक थांबतात आणि एक चुकीचा नियम पाठ करतात : 'कर्ज असलं की पी/ई कमी दिसतो.' तसं नसतं. कर्जालाही स्वतःचा एक पी/ई असतो, असं समजून बघा. १०० कोटी कर्जाचं व्याज १० कोटी. त्यावर कर वाचतो, म्हणून खरा बोजा साडेसात कोटी. १०० ला साडेसातने भागलं की १३.३. हा कर्जाचा पी/ई. तसंच ७ टक्क्यांच्या ठेवीचं : करानंतर सव्वापाच कोटी, म्हणजे १९ पट. आणि तुमच्या फाउंड्रीच्या धंद्याचं? ९०० कोटींच्या धंद्यातून करानंतर साडेब्याऐंशी कोटी, म्हणजे ११ पटींच्या जरा खाली.

आता चित्र स्पष्ट होतं. ११ पटींच्या धंद्यातून १३ पटींचं कर्ज वजा केलं की उरलेला भाग ११ पेक्षाही स्वस्त दिसणार. म्हणून अ चा पी/ई ८. ११ पटींच्या धंद्यात १९ पटींची ठेव मिसळली की सरासरी वर जाणार. म्हणून ब चा १२. पण हाच धंदा बाजाराने १५०० कोटींना धरला असता, म्हणजे ईव्ही/एबिटडा ६ ऐवजी १०, तर अ चं बाजारमूल्य ९०० आणि पी/ई २४ झाला असता, आणि ब चा १८. त्याच कंपन्या, तेच कर्ज, तीच ठेव, आणि तरी कर्जवाली महाग दिसली असती. म्हणून पी/ईची तुलना करण्याआधी मी नेहमी हे पाहतो : धंद्याचा करोत्तर नफ्यावरचा पट कर्जाच्या १३च्या वर आहे की खाली. खाली असेल तर कर्जबाजारी कंपनी फसवी स्वस्त दिसते, वर असेल तर फसवी महाग. व्याजदर बदलला की हा १३ही बदलतो. ८ टक्क्यांच्या कर्जाला तो पावणेसतरा होतो.

मग अ आणि ब एकाच भावाला मिळतायत म्हणून कुठलीही घ्यावी का? नाही, कारण ८ पटींचा नफा आणि १२ पटींचा नफा एका जातीचे नाहीत. ट्रॅक्टरचा धंदा चढ-उताराचा. एखादं वर्ष पाऊस ओढ देतो, डीलरकडे ट्रॅक्टर पडून राहतात, कास्टिंगच्या ऑर्डरी आटतात. समजा दोघींचा एबिटडा २० टक्क्यांनी घटून १२० झाला. ब चा नफा ९८ वरून ७६ कोटींवर येईल, सुमारे २३ टक्के घट. अ चं व्याज मात्र ६० चं ६० राहतं. करपूर्व २० उरतात, करोत्तर १५. साडेसदतीसचे पंधरा, ६० टक्के घट. शेअरचा भाव हललाच नाही असं धरलं तरी पी/ई ८ चा २० झाला. तुम्ही ज्या आठाला स्वस्त म्हणत होता, तो चांगल्या वर्षाच्या नफ्यावर उभा होता.

चढत्या वर्षात हेच उलटं होतं आणि अ चा नफा ६० टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे धंद्याचा तळ आलाय अशी तुमची खात्री असेल आणि बँक मधेच हात आखडता घेणार नाही हे पाहिलं असेल, तर अ घेण्यातही तर्क आहे. फक्त तो कर्जाच्या जोरावर मारलेला डाव आहे हे कळून घ्या. कर्ज एबिटडाच्या चार पट आहे, ऑर्डरी घटल्या की पाच पट होईल. चढ-उताराच्या धंद्यात मला तीनच्या वर झोप लागत नाही. हा माझा पिंड आहे, नियम नाही. चढ-उतार काढून टाकायचा असेल तर मी चालू वर्षाचा नफा घेतच नाही. गेल्या सात वर्षांचं सरासरी एबिटडा मार्जिन काढतो, आजच्या विक्रीला लावतो आणि त्या एबिटडावर पट काढतो. सात अशासाठी की त्यात किमान एक वाईट आणि एक चांगला काळ येतोच.

आता तुमच्या ६ कडे वळतो, कारण ईव्ही/एबिटडा पाहिला म्हणजे सगळं साफ झालं असंही नाही. बहुतेकांचा ईव्हीच चुकलेला असतो.

पहिली आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे रोकड दोनदा मोजणं. ब चा ईव्ही काढताना तुम्ही ३०० कोटींची ठेव वजा केली. मग त्या ठेवीचं २१ कोटी व्याज एबिटडामध्ये असता कामा नये. पण काही संकेतस्थळं आणि काही कंपन्यांची स्वतःची सादरीकरणंसुद्धा 'इतर उत्पन्न' एबिटडात धरतात. तसं केलं तर ब चा एबिटडा १७१ होतो आणि पट ६ चा सव्वापाच. एक पैसाही न कमावता कंपनी १२ टक्क्यांनी स्वस्त झाली. नफा-तोटा पत्रकात 'इतर उत्पन्न' ही ओळ विक्रीच्या लगेच खाली वेगळी छापलेली असते. एकूण उत्पन्नातून ती काढा, आणि मग खर्च वजा करा.

दुसरं, जी रोकड वजा करता ती खरोखर मोकळी आहे का? हा धडा मी महागात शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत प्रकल्प उभारणाऱ्या एका अभियांत्रिकी कंपनीवर अहवाल लिहिला. रोकड भरपूर होती, ती सगळी वजा केली, ईव्ही/एबिटडा ३ आला, आणि मी 'खरेदी करा' असं लिहून मोकळा झालो. देणी असलेली बाजू नीट वाचलीच नाही. तिथे 'ग्राहकांकडून आलेल्या आगाऊ रकमा' जवळपास त्या रोकडीएवढ्याच होत्या. पुढच्या वर्षी काम पुढे सरकलं तशी ती रोकड पोलाद, मजुरी आणि पोटकंत्राटदारांकडे गेली. खरा पट सहाच्या आसपास होता. माझ्या शब्दावर ज्यांनी शेअर घेतले त्यांचं नुकसान झालं आणि ते मला आजही बोचतं. तेव्हापासून मी ग्राहकांची आगाऊ रक्कम आणि पतपत्रासाठी बँकेत अडकवलेली मार्जिन मनी, दोन्ही मोकळ्या रोकडीतून बाजूला काढतो. ही मार्जिन मनी 'इतर बँक शिल्लक' या टिपेत सापडते.

तिसरं, ताळेबंद ३१ मार्चचा असतो आणि धंदा वर्षभर चालतो. कर्ज आणि रोकड त्या एका दिवसाची. ती वर्षभराशी जुळते का, हे पाहायला मी दोन साधे भागाकार करतो. व्याजखर्चाला सरासरी कर्जाने भागायचं. अ चं ६० ला ६०० ने भागलं की १० टक्के, ठीक. पण व्याज ६० आणि ताळेबंदातलं कर्ज ४०० असेल तर १५ टक्के येतात. ज्या कंपनीला बँक १० टक्क्यांनी देते ती १५ टक्के देणार नाही, म्हणजे वर्षभर कर्ज जास्त होतं आणि मार्चअखेरीला खाली आणलं. किंवा ग्राहकांची बिलं वटवून पैसा उचललाय, ज्याचा आकार व्याजखर्चात येतो पण रक्कम कर्जात दिसत नाही. उलट बाजूने, ठेवीवरच्या उत्पन्नाला सरासरी ठेवीने भागायचं. ३०० कोटींवर २१ कोटी आले तर पैसा वर्षभर तिथे होता. सहाच कोटी आले तर मी तो पैसा ३१ मार्चचा पाहुणा समजतो, आणि पूर्ण ३०० वजा करत नाही.

साखर कारखान्यांत हे सगळ्यात ठळक दिसतं. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. उसाचे पैसे शेतकऱ्याला आधी द्यायचे असतात, साखर मात्र वर्षभर विकली जाते. त्यामुळे मार्चअखेरीला गोदाम भरलेलं, साखर तारण ठेवून उचललेलं कर्ज शिखरावर. सप्टेंबरअखेरीला तेच कर्ज बरंच उतरलेलं. मार्चच्या ताळेबंदावरून काढलेला ईव्ही त्या कंपनीवर अन्याय करतो. अशा वेळी सप्टेंबर आणि मार्च दोन्हीची सरासरी घ्या. सूचीबद्ध कंपन्यांना सहामाही ताळेबंदही जाहीर करावा लागतो, तो शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर मिळतो.

ईव्हीबद्दल आणखी एकच. जो नफा धरलात तो कोणाकोणाचा आहे ते पाहा आणि त्या सगळ्यांची किंमत ईव्हीत जुळवा. एकत्रित हिशोबात ६० टक्के मालकीच्या उपकंपनीचाही एबिटडा शंभर टक्के येतो. मग उरलेल्या ४० टक्क्यांच्या मालकांच्या हिश्शाची किंमत ईव्हीत मिळवायला हवी, आणि ती ताळेबंदातल्या जुन्या पुस्तकी किमतीने नाही तर त्या उपकंपनीच्या आजच्या मोलाने. सहयोगी कंपनीचं उलट : तिचा एबिटडा एकत्रित हिशोबात येतच नाही, म्हणून तिच्यातल्या गुंतवणुकीचं मोल ईव्हीतून वजा. पी/ईतही हा घोळ असतोच. निफ्टीचा पी/ई कितीतरी वर्षं कंपन्यांच्या स्वतंत्र नफ्यावर काढला जायचा. ३१ मार्च २०२१ पासून तो एकत्रित नफ्यावर काढायला लागले आणि आकडा एका दिवसात सुमारे ४० वरून ३३ वर आला. बाजार पडला नव्हता, भाजक बदलला होता. त्याआधीच्या आणि नंतरच्या पी/ईचा एकसलग आलेख काढून 'बाजार स्वस्त झाला' म्हणणारे मला अजूनही भेटतात.

आता एबिटडाकडे. फाउंड्रीच्या धंद्यात ही जागा फार नीट पाहावी लागते. कास्टिंग ओतून झालं की त्याचं मशीनिंग करायचं असतं. कोल्हापूरकडे शिरोली, गोकुळ शिरगावला गेलात तर दिसेल, काही फाउंड्र्या ते काम शेजारच्या छोट्या वर्कशॉपना जॉबवर्कवर देतात, तर काहींच्या आत सीएनसी मशीनच्या रांगा असतात. दोन्ही ठिकाणी माल तोच बाहेर पडतो, हिशोब मात्र वेगळ्या ओळीत पडतो. जॉबवर्कचे पैसे हा खर्च एबिटडाच्या आधी वजा होतो. स्वतःच्या मशीनची झीज घसाऱ्यात जाते, म्हणजे एबिटडाच्या खाली.

समजा ब मशीनिंग बाहेर देते आणि तिचे आकडे वरचेच, एबिटडा १५०, घसारा ४०. अ आतच करते, म्हणून तिचा जॉबवर्कचा ३० कोटी खर्च वाचतो, पण मशीनचा घसारा ३० कोटी वाढतो. अ चा एबिटडा १८०, घसारा ७०, व्याज-कराआधीचा नफा तोच ११०. व्याज तेच, करोत्तर नफा तोच, पी/ई तोच ८. पण ईव्ही/एबिटडा आता ५ झाला, ब चा ६. काहीही स्वस्त झालेलं नाही. म्हणून यंत्रसामग्री जड असलेल्या धंद्यात मी एबिटडापेक्षा घसारा वजा केलेल्या नफ्यावर, म्हणजे ईव्ही/एबिटवर विसंबतो. इथे दोघींचा तो ८.२ येतो, आणि तोच खरं सांगतो.

घसारा हा कागदी आकडा आहे, रोख जात नाही, म्हणून तो सोडून द्यावा, असं म्हणणारे बरेच आहेत. इंडक्शन फर्नेस किंवा मोल्डिंग लाइन बदलताना ज्याने बिलं पाहिली आहेत तो असं म्हणणार नाही. हां, घसाऱ्याचा आकडा तसाच्या तसा घेऊ नका हे मात्र खरं. वीस वर्षांपूर्वीची, पूर्ण झिजवून झालेली लाइन चालवणाऱ्या कंपनीचा घसारा खोटा कमी दिसतो, तिचा मोठा खर्च अजून यायचाय. रोकड प्रवाहाच्या पत्रकातून गेल्या पाच वर्षांचा स्थिर मालमत्तेवरचा खर्च काढा, नव्या क्षमतेवर गेलेला वेगळा करा, आणि उरलेला दरवर्षीच्या घसाऱ्याशी ताडून पाहा. घसारा ४० आणि नुसतं चालू ठेवायला ६० लागत असतील, तर मी ६० वजा करतो.

भाड्याचंही असंच. १ एप्रिल २०१९ पासून भारतात भाडेपट्ट्यांचं नवं लेखा मानक, इंड एएस ११६, लागू झालं. त्याआधी शेडचं किंवा दुकानाचं भाडं एबिटडाच्या वर खर्च म्हणून जायचं. आता बहुतेक लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यांत ते घसारा आणि व्याज अशा दोन वाटण्या होऊन एबिटडाच्या खाली जातं, आणि पुढच्या वर्षांच्या भाड्याचं आजचं मोल ताळेबंदात 'भाडेपट्टा दायित्व' म्हणून उभं राहतं. वर्षाला २० कोटी भाडं भरणारी, १३० एबिटडाची कंपनी त्या दिवशी १५० एबिटडाची झाली. तिचं भाडेपट्टा दायित्व १२० कोटी असेल तर ते ईव्हीत मिळवा : १०२० ला १५०, पट ६.८. किंवा जुन्या पद्धतीने भाडं खर्चच धरा आणि दायित्व सोडा : ९०० ला १३०, पट ६.९. दोन्ही चालतील. पण नवा एबिटडा आणि जुना ईव्ही घेतलात तर ६ येतो, आणि तो कुठल्याच पद्धतीत बसत नाही. अमेरिकेतल्या एखाद्या स्पर्धकाशी तुलना करणार असाल तर लक्षात ठेवा, तिथल्या मानकात 'ऑपरेटिंग' प्रकारच्या भाडेपट्ट्यांचं भाडं अजूनही खर्चातच, एबिटडाच्या वर जातं.

एवढं सगळं जुळवल्यावरही दोन कंपन्यांच्या ईव्ही/एबिटमध्ये फरक उरला, तर तो फरक खरा असण्याची शक्यता धरून चाला. धंद्याचा पट मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो : वाढ किती, आणि त्या वाढीसाठी पुन्हा किती भांडवल ओतावं लागतं. समजा दोन्ही कंपन्या वर्षाला ६ टक्के वाढणार. एक गुंतवलेल्या भांडवलावर करानंतर २४ टक्के कमावते, दुसरी १२. सहा टक्के वाढीसाठी पहिलीला नफ्याचा पाव हिस्सा परत धंद्यात घालावा लागतो, दुसरीला निम्मा. भांडवलाचा खर्च १२ टक्के धरला आणि ही वाढ कायम चालू राहील असं मानलं, तर पहिलीचा रास्त ईव्ही/एबिट सव्वानऊच्या थोडा वर येतो, दुसरीचा सव्वासहा. सारखा धंदा, सारखी वाढ, आणि तरी पटात तीनचा फरक रास्त. सव्वासहावालीला 'उद्योगाच्या सरासरीपेक्षा स्वस्त' म्हणणं ही मी पाहिलेली सगळ्यात नेहमीची चूक आहे, आणि ती अनुभवी माणसंही करतात. म्हणून उद्योगाची सरासरी काढण्यापेक्षा मी आडव्या अक्षावर भांडवलावरचा परतावा आणि उभ्या अक्षावर ईव्ही/एबिट असा साधा आलेख कागदावर काढतो. सात-आठ कंपन्यांचे ठिपके टाकले की रेष डोळ्याला दिसते. रेषेच्या बरीच खाली असलेली कंपनी पाहण्यासारखी असते, नुसता कमी पट असलेली नव्हे.

एक मर्यादाही सांगून ठेवतो, कारण हा विचार करायला लागलं की लोक तो सगळीकडे लावतात. बँका आणि कर्ज देणाऱ्या बिगरबँक कंपन्यांना ईव्ही लावू नका. ठेवी आणि उसना पैसा हा त्यांचा कच्चा माल आहे. तो 'कर्ज' म्हणून मिळवलात आणि व्याज वगळलंत तर हातात काहीच अर्थाचं उरत नाही. तिथे पुस्तकी मूल्याचा पट आणि भागभांडवलावरचा परतावा पाहतात.

तुमच्या दोन कंपन्यांपुरतं आता काय करायचं? दोघींचे एकत्रित वार्षिक अहवाल घ्या. आधी इतर उत्पन्न बाजूला काढून एबिट काढा, अपवादात्मक बाबी असतील, जसं जमीन विकून आलेला नफा, तर तोही बाजूला. मग कर्जाच्या आणि रोकडीच्या टिपा वाचून वरचे दोन भागाकार करा, म्हणजे ईव्ही पक्का होईल. त्यानंतर जॉबवर्कचा खर्च शोधा. तो सहसा नफा-तोटा पत्रकावर वेगळा दिसत नाही, 'इतर खर्च' या टिपेत 'प्रक्रिया शुल्क' किंवा 'उपकंत्राट खर्च' अशा नावाने दडलेला असतो. शेवटी दोघींचा भांडवलावरचा परतावा. हे चार आकडे आणि अ वरच्या कर्जाची पुढच्या तीन वर्षांची परतफेड किती आहे, एवढं इथे लिहा. परतफेड वर्षाला शंभर कोटींच्या पुढे असेल, तर ८ पी/ईचं कोडं तिथेच सुटतं. एबिटडा १५०, व्याज ६०, कर १२, आणि शंभराची परतफेड. नवं कर्ज किंवा नवे शेअर काढल्याशिवाय ते भागत नाही, आणि नवे शेअर निघाले की तुमचा हिस्सा पातळ होतो.